औद्योगिक क्रांतीची कारणे आणि परिणाम: छोट्या उत्तरांत या चुका टाळा

नववीच्या इतिहासाच्या वर्कशीटमध्ये एक प्रश्न हमखास असतो: ‘औद्योगिक क्रांती प्रथम इंग्लंडमध्येच का झाली?’ गुण तीन. त्याचं नेहमी येणारं उत्तर हे असं:

‘इंग्लंडमध्ये कोळसा व लोखंड भरपूर होते. भांडवल होते. वसाहती होत्या. नवीन शोध लागले. वाहतूक चांगली होती.’

यात चुकीचं काहीच नाही. तरीही तीनपैकी दीड गुण मिळतो आणि मुलं वही घेऊन भांडायला येतात. या उत्तरात चार वेळा ‘होते-होत्या-होती’ आहे आणि एकदाही ‘म्हणून’ नाही. विचारलं होतं ‘का’, आणि लिहिली गेली आहे इंग्लंडकडच्या सामानाची यादी. कोळसा चीनमध्येही होता. भांडवल हॉलंडच्या व्यापाऱ्यांकडेही होतं. वसाहती तर स्पेनकडे अमाप होत्या. मग तिथे का नाही झाली? या उलटप्रश्नाला तुमचं उत्तर टिकत नसेल, तर ते उत्तर अर्धवट आहे.

कोळशाचंच उदाहरण नीट पाहू. इंग्लंडमध्ये जळणाचं लाकूड महाग होत गेलं, म्हणून घरोघरी आणि भट्ट्यांत दगडी कोळसा जाळायला लागले. मागणी वाढली तशा खाणी खोल गेल्या आणि खोल खाणीत पाणी भरायला लागलं. ते उपसण्यासाठी थॉमस न्यूकोमेनचं वाफेचं इंजिन 1712 मध्ये आलं. हे इंजिन कोळसा खाण्यात भलतंच बकासुर होतं. पण ते उभं होतं कोळशाच्या खाणीच्या तोंडाशी, जिथे बारीक, न विकला जाणारा कोळसा जवळजवळ फुकट मिळायचा. म्हणून असलं उधळं यंत्रही तिथे परवडलं, आणि परवडलं म्हणून टिकून सुधारत गेलं. कोळसा महाग असलेल्या जागी ते कुणी दुसऱ्यांदा विकत घेतलं नसतं.

आता याला मजुरीची जोड द्या. त्या काळी इंग्लंडमध्ये मजुरी चढी होती, इंधन स्वस्त होतं. माणसाचं काम यंत्राकडून करून घेतलं तर मालकाचे पैसे वाचत होते. भारतात किंवा फ्रान्समध्ये सूत कातणारीची मजुरी इतकी कमी होती की तिच्या जागी यंत्र बसवण्यात फारसा फायदा नव्हता. म्हणजे ‘इंग्रज हुशार होते म्हणून शोध लागले’ हे उत्तर बाद. यंत्राचा हिशोब तिथे जुळत होता, हे खरं उत्तर.

तीन गुणांचं उत्तर मग एवढंच लिहायचं:

‘इंग्लंडमध्ये दगडी कोळसा स्वस्त आणि मजुरी महाग होती, म्हणून मजुरांऐवजी यंत्रे वापरणे मालकांना फायद्याचे ठरले. खाणींतील पाणी उपसण्याच्या गरजेतून वाफेचे इंजिन आले. वर्सलीच्या खाणींपासून मँचेस्टरपर्यंत 1761 मध्ये कालवा झाल्यावर कोळसा शहरात स्वस्तात पोहोचू लागला, त्यामुळे तेथे उद्योग वाढले.’

तीनच वाक्यं आहेत, पण प्रत्येकात एका गोष्टीतून दुसरी निघते. भांडवल आणि वसाहती राहिल्या म्हणून हळहळू नका. जोडलेले तीन मुद्दे सुट्या सहा मुद्द्यांना भारी पडतात.

कारणांच्या रकान्यात रेल्वे

‘रेल्वेमुळे औद्योगिक क्रांती झाली’ हे वाक्य दर गठ्ठ्यात सापडतं. ही चूक पकडायला सन पुरतो. स्टॉकटन-डार्लिंग्टन मार्ग सुरू झाला 1825 मध्ये, लिव्हरपूल-मँचेस्टर 1830 मध्ये. सूतगिरण्या त्याआधी पन्नास-साठ वर्षं चालू होत्या. म्हणजे रेल्वे हा परिणाम. पुढे तिच्यामुळे लोखंड आणि कोळशाची मागणी आणखी वाढली हे खरं, पण तो क्रांतीचा पुढचा टप्पा झाला. कारणांत वाहतूक लिहायची असेल तर कालवे लिहा.

काही गोष्टी मात्र खरोखरच दोन्ही रकान्यांत बसतात. अमेरिकेचा कापूस घ्या. गिरण्यांना कापूस लागला म्हणून अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामांच्या श्रमांवर कापसाची लागवड झपाट्याने वाढली. एली व्हिटनीच्या सरकी काढण्याच्या यंत्राने 1793 नंतर तिला आणखी जोर आला. आणि तो कापूस मिळत राहिला म्हणून गिरण्या वाढल्या. अशा वेळी ‘हे आधी कारण होते आणि नंतर परिणामही’ असं बेधडक लिहावं. कुठलाही शहाणा परीक्षक त्यासाठी गुण कापत नाही.

वॉट, आणि वाफेआधीची गिरणी

जेम्स वॉटने वाफेचं इंजिन शोधलं नाही. न्यूकोमेनच्या इंजिनात एकच मोठा दोष होता: प्रत्येक फेरीला सिलिंडर आधी तापवायचा आणि मग पाणी मारून थंड करायचा, त्यात बहुतेक उष्णता वाया. वॉटने वाफ थंड करण्यासाठी वेगळं भांडं जोडलं, त्यामुळे सिलिंडर सतत गरम राहिला आणि कोळसा खूप वाचला. त्याचं पेटंट 1769 चं. वॉट आणि त्याचा भागीदार बोल्टन गिऱ्हाइकाकडून वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा तिसरा हिस्सा घेत, यावरून काय ते समजा. म्हणून उत्तरात ‘शोध लावला’ऐवजी ‘सुधारणा केली’ लिहा. ‘1769: वाफेच्या इंजिनाचा शोध’ असं छापलेल्या गाइडांवर विसंबू नका.

त्याच्याच शेजारची चूक म्हणजे ‘वाफेच्या इंजिनामुळे कारखाने सुरू झाले’. रिचर्ड आर्कराइटची क्रॉमफर्डची सूतगिरणी 1771 ची, आणि ती पाण्याच्या जोरावर फिरत होती. तिच्या यंत्राचं नावच वॉटर फ्रेम. वॉटच्या इंजिनाला चाक फिरवण्याची सोय झाली 1781 च्या पेटंटनंतर. तोवर नदीकाठ सोडून गिरणी हलत नव्हती.

यंत्रांचा क्रम

जोड्या लावा, क्रम लावा असे प्रश्न मुलं पाठ करून सोडवतात आणि ऐन वेळी जेनी आणि यंत्रमाग यांची अदलाबदल करतात. पाठांतराची गरज नाही, कारण प्रत्येक यंत्र आधीच्या यंत्राने केलेल्या टंचाईतून आलं आहे.

कापडाला दोन कामं लागतात: सूत कातणं आणि कापड विणणं. जॉन केच्या धावत्या धोट्याने 1733 मध्ये विणण्याचा वेग वाढवला. झालं काय, की एका विणकराला सूत पुरवताना कातणारे कित्येक हात कमी पडू लागले. टंचाई सुताची, म्हणून पुढची यंत्रं कातण्याची. हारग्रीव्ह्जची स्पिनिंग जेनी साधारण 1764 ची. पहिल्या जेनीवर आठ चात्या होत्या, म्हणजे एक माणूस एकावेळी आठ धागे काढी. पण हे सूत कच्चं, ते फक्त बाण्याला, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांना चाले. ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना लागणारं पक्कं सूत आर्कराइटच्या वॉटर फ्रेमने 1769 मध्ये दिलं, आणि क्रॉम्प्टनच्या म्यूलने 1779 मध्ये बारीक आणि पक्कं असं दोन्ही जमवलं. आता पारडं उलटं झालं. सूत उदंड, विणकर कमी. म्हणून 1785 मध्ये कार्टराइटचा यंत्रमाग.

इथेच परिणामांच्या प्रश्नातली एक ठोकळेबाज ओळ कोसळते: ‘यंत्रे आली आणि विणकर लगेच बेकार झाले.’ सुताची रेलचेल झाल्यावर आधी हातमागाच्या विणकरांना उलट काम वाढलं. त्यांची संख्याही वाढली. यंत्रमाग सुरुवातीला ओबडधोबड होता. तो सुधारून सर्वत्र पसरायला 1820 नंतरचा काळ उजाडला, आणि मग मात्र हातमागवाल्यांची मजुरी कोसळली. उत्तरात ‘लगेच’ऐवजी ‘यंत्रमागांचा प्रसार झाल्यावर’ लिहिलं की पुरे.

परिणाम कुणावर?

‘लोकांचे जीवन सुधारले’ आणि ‘लोकांचे हाल झाले’ ही दोन्ही वाक्यं एकाच उत्तरात येतात आणि एकमेकांना खोडतात. ‘लोक’ हा शब्द काढा. कोण आणि केव्हा ते लिहा: गिरणीमालक, हातमागावरचा विणकर, गिरणीत कामाला लावलेलं आठ वर्षांचं मूल. मँचेस्टरची वस्ती 1801 मध्ये सुमारे 75 हजार होती, 1851 मध्ये ती 3 लाखांपुढे गेली. गटारं आणि स्वच्छ पाणी त्या वेगाने वाढलं नाही, त्यामुळे दाट वस्तीत रोगराई पसरली. हे एक पूर्ण उत्तर झालं.

बालमजुरीबद्दलही मुलं ‘1833 च्या कायद्याने बालमजुरी बंद झाली’ असं लिहून मोकळी होतात. तो कायदा कापड गिरण्यांपुरता होता. 9 वर्षांखालील मुलांना कामावर ठेवायला त्याने बंदी केली, तीही रेशमाच्या गिरण्या वगळून. 9 ते 13 वयाच्या मुलांना दिवसाला 9 तास काम करायला लावायला मुभा होतीच. तपासायला निरीक्षक किती? साऱ्या देशात चार. ‘बंद झाली’ नव्हे, ‘मर्यादा आली’.

भारतावरचा परिणाम, आणि अंगठे

‘इंग्रजांनी विणकरांचे अंगठे कापले’ ही ओळ इतकी मुरलेली आहे की खोडली तर पालकांचा फोन येतो. ईस्ट इंडिया कंपनीचा माजी नोकर विल्यम बोल्ट्स याने 1772 मध्ये बंगालबद्दल जे लिहिलं, ते वेगळंच आहे. कंपनीच्या गुमास्त्यांचा जुलूम इतका होता की कच्च्या रेशमाचा धागा गुंडाळणाऱ्या काही कारागिरांनी सक्तीच्या कामातून सुटण्यासाठी स्वतःचेच अंगठे कापून घेतले, असं तो सांगतो. जुलूम खराच होता. पण तो रेशमाचा, कंपनीच्या मक्तेदारीचा आणि मँचेस्टरचं कापड इथे येण्याआधीचा. औद्योगिक क्रांतीचा परिणाम म्हणून तो लिहिता येत नाही.

दोन गुणांत लिहायचं ते हे: ‘1813 मध्ये कंपनीची भारतातील व्यापाराची मक्तेदारी संपली व ब्रिटिश गिरण्यांचे स्वस्त सूत आणि कापड भारतात मोठ्या प्रमाणावर येऊ लागले. भारतीय कापडावर ब्रिटनमध्ये मात्र जबर आयातकर होता. त्यामुळे येथील कातणारे व विणकर यांचा रोजगार गेला आणि भारतातून कापडाऐवजी कापूस निर्यात होऊ लागला.’

मुंबईच्या गिरण्या याच उत्तरात कोंबू नयेत. कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली सूतगिरणी काढण्याचं ठरवलं 1854 मध्ये, ती चालू झाली 1856 मध्ये. क्रॉमफर्डनंतर 85 वर्षांनी. प्रश्न ‘भारतातील आधुनिक उद्योगांची सुरुवात’ असा असेल तेव्हा ती लिहावी. ‘इंग्लंडमधील क्रांतीचे भारतावरील तात्काळ परिणाम’ असं विचारलं असेल तर तिचा संबंध नाही.