विक्रीच्या तक्त्याला ‘एकूण’ची ओळ आणि टक्क्यांचा कॉलम: जुळलेली बेरीज खरी आहे का, हे कसं ओळखायचं

जळगावच्या दाणाबाजारात किंवा एमआयडीसीतल्या एखाद्या पेढीवर नव्यानं संगणकावर बसणाऱ्याला पहिल्या आठवड्यातच एक काम हमखास मिळतं. महिन्याची तालुकावार विक्री समोर येते आणि मालक म्हणतात, “खाली एकूण टाक, आणि कुठे किती टक्के माल गेला ते शेजारी दाखव.” काम दहा मिनिटांचं आहे. पण याच टक्क्यांवर चोपड्याला गाडी आठवड्यातून किती वेळा पाठवायची हे ठरतं. म्हणून तक्ता चुकला तर तो चुकलाय हे आपल्याला गाडी निघण्याआधी कळलं पाहिजे. सगळा लेख त्या एका गोष्टीसाठी आहे.

उदाहरण केळीच्या वेफर्सचं घेऊ. आकडे नमुन्याचे आहेत. पहिल्या ओळीत A1 मध्ये ‘तालुका’, B1 मध्ये ‘विक्री’ आणि C1 मध्ये ‘टक्के’ अशी शीर्षकं. त्याखाली दुसऱ्या ओळीपासून सातव्यापर्यंत सहा तालुके:

```
जळगाव    184000
भुसावळ   126500
चोपडा     98000
रावेर      74500
यावल      61000
अमळनेर    56000
```

आकडा टाकताना फक्त आकडा टाका. ‘रु.’ नाही, ‘/-’ नाही, स्वल्पविरामही हातानं नाही. ते सगळं नंतर फॉरमॅटमधून दाखवता येतं. वहीत ‘६१,०००/-’ लिहिणं ही चांगली सवय आहे, पण सेलमध्ये तसं लिहिलं की तो आकडा राहत नाही, मजकूर होतो. याचा परिणाम पुढे नीट पाहू.

आता A8 मध्ये ‘एकूण’ लिहा आणि B8 मध्ये हे सूत्र द्या:

```
=SUM(B2:B7)
```

उत्तर ६,००,००० यायला हवं. एक्सेलमध्ये Alt दाबून = दाबलं तर हेच सूत्र आपोआप येतं, पण एंटर करण्याआधी तुटक रेषेची चौकट कुठून कुठपर्यंत आहे ते बघा. मध्ये एखादा सेल रिकामा असेल तर ती चौकट तिथेच थांबते आणि वरचे तालुके बेरजेतून गळतात. बेरीज एकेक सेल जोडून, म्हणजे =B2+B3+B4 अशी करू नका. मध्ये नवीन ओळ घातली की ती अशा सूत्रात कधीच शिरत नाही.

टक्क्यांसाठी C2 मध्ये जळगावच्या विक्रीला एकूण विक्रीनं भागायचं. इथे जवळजवळ प्रत्येक नवखा =B2/B8 लिहितो. जळगावचं उत्तर बरोबर येतं, मग सूत्र खाली ओढलं की भुसावळपासून पुढे सगळीकडे #DIV/0! दिसतं. कारण सोपं आहे. सूत्र नाव लक्षात ठेवत नाही, अंतर लक्षात ठेवतं. C2 साठी B8 म्हणजे ‘एक घर डावीकडे, सहा घरं खाली’. तेच सूत्र C3 मध्ये गेलं की सहा घरं खाली B9 येतो, आणि B9 रिकामा असतो. रिकाम्या सेलनं भागणं म्हणजे शून्यानं भागणं. म्हणून छेदातली ओळ बांधून ठेवावी लागते:

```
=B2/B$8
```

डॉलरचं चिन्ह ज्याच्या आधी असतं ते हलत नाही. सूत्र लिहिताना B8 वर कर्सर ठेवून F4 दाबलं तर आधी $B$8 होतं, पुन्हा दाबलं की B$8. काही लॅपटॉपवर सोबत Fn धरावं लागतं. या एका तक्त्यात दोन्ही चालतात. पण उद्या हाच तक्ता शेजारी ऑगस्टसाठी चिकटवला तर $B$8 जुलैच्याच एकूणवर अडून बसतो आणि ऑगस्टची विक्री जुलैच्या बेरजेनं भागली जाते. B$8 मध्ये कॉलम मोकळा असल्यानं तो ऑगस्टच्या एकूणकडे सरकतो. हातात B$8 चीच सवय बसवा.

सूत्र C7 पर्यंत ओढा, C2 ते C8 निवडा आणि वरचं % बटण दाबा. सूत्रात शंभरानं गुणू नका, ते काम % फॉरमॅट करतो. दोन्ही केलं तर जळगावपुढे ३०६७ टक्के दिसतील.

राहिला C8. बहुतेक जण वरचंच सूत्र आणखी एक घर खाली ओढतात. मग C8 मध्ये =B8/B$8 येतं आणि १००% दिसतं. हे शंभर काहीच सांगत नाही. कोणत्याही संख्येला तिनंच भागलं तर उत्तर एकच येणार, मग वरचे सगळे तालुके चुकलेले असोत. C8 मध्ये वरच्या टक्क्यांची बेरीज घ्या:

```
=SUM(C2:C7)
```

आता हा सेल पहारेकरी झाला. तो काय पकडतो ते बघा. समजा यावलचा आकडा व्हॉट्सॲपवरून आला, आणि ज्या सेलमध्ये तो चिकटवला त्याचा फॉरमॅट आधीपासून ‘Text’ होता. डोळ्यांना ६१००० दिसतात, पण एक्सेलच्या लेखी तो मजकूर आहे. SUM दिलेल्या पट्ट्यातला मजकूर न कुरकुरता सोडून देतं, म्हणून B8 मध्ये ६,००,००० ऐवजी ५,३९,००० येतात. चुकीची कुठलीही खूण दिसत नाही. पण भागाकाराचं चिन्ह SUM सारखं वागत नाही. ते मजकुरातला आकडा ओळखून संख्येत बदलतं, म्हणून यावलसमोर #VALUE! येत नाही, एक दशांश दाखवला तर चक्क ११.३% येतात. जळगाव ३४.१% होतं. प्रत्येक टक्का वेगवेगळा पाहिला तर पटण्यासारखाच वाटतो. बेरजेत यावल नाही, टक्क्यांत मात्र आहे, त्यामुळे C8 मध्ये १११.३% दिसतात. तिथे =B8/B$8 असतं तर शंभरच दिसले असते आणि तक्ता तसाच मालकांच्या टेबलावर गेला असता.

सेलमध्ये ‘61000 रु.’ असं असेल तर भागाकारालाही ते समजत नाही, आणि त्या ओळीत #VALUE! येतं. ही चूक बरी म्हणायची, ती निदान स्वतःहून समोर येते.

मजकूर झालेला आकडा शोधायला आधी अलाइनमेंट बघा. कुणी मुद्दाम बदललं नसेल तर संख्या सेलच्या उजव्या कडेला चिकटते आणि मजकूर डाव्या. एक्सेलमध्ये बहुधा कोपऱ्यात हिरवा त्रिकोणही असतो. त्यावर क्लिक करून ‘Convert to Number’ निवडलं की काम होतं. पूर्ण कॉलमच तसा आला असेल तर तो निवडून Data मेनूतलं ‘Text to Columns’ उघडा आणि लगेच ‘Finish’ करा. नुसता फॉरमॅट ‘Number’ करून भागत नाही, आत बसलेला मजकूर तसाच राहतो. एकच सेल असेल तर फॉरमॅट बदलून आकडा पुन्हा टाइप करणं सगळ्यात सोपं.

पण पहारेकऱ्यालाही एक आंधळी जागा आहे. महिना संपता संपता पारोळ्याचा हिशेब येतो, २४,००० रुपये. अमळनेरच्या खाली, एकूणच्या वर नवीन ओळ घालून तो लिहिला जातो. एकूण आता B9 मध्ये सरकली, टक्क्यांची सूत्रंही आपोआप B$9 झाली, पण बेरीज मात्र अजून B2:B7 चीच राहू शकते. एक्सेल कधी कधी ती स्वतःहून वाढवतो, त्यावर विसंबू नका. वाढली नाही तर एकूण ६,००,००० च राहते आणि पारोळ्यासमोर ४% दिसतात. टक्क्यांची बेरीजही जुन्याच सहा ओळींची असल्यानं तिथे शंभर दिसतात. म्हणजे चूक आहे, आणि पहारेकरी गप्प आहे.

यावर जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे तालुके आणि एकूण यांच्यामध्ये एक रिकामी ओळ ठेवायची आणि ती बेरजेच्या पट्ट्यात घ्यायची. आठवी ओळ रिकामी, एकूण नवव्या ओळीत:

```
=SUM(B2:B8)
```

आठवी ओळ फिकट करड्या रंगानं भरा, तिची उंची कमी करा आणि तिच्यात टक्क्यांचं सूत्र टाकू नका. वरच्या टक्क्यांत छेद B$9 होईल आणि C9 मध्ये =SUM(C2:C8) येईल. नवा तालुका नेहमी या करड्या ओळीच्या वरच घालायचा. नवी ओळ तेव्हा पट्ट्याच्या पोटात पडते, म्हणून पट्टा वाढतोच. पारोळा आल्यावर एकूण ६,२४,००० होते, पारोळा ३.८% आणि जळगाव २९.५%. नव्या ओळीतलं टक्क्यांचं सूत्र मात्र वरून ओढून घ्यायला विसरू नका. विसरलात तर आता टक्क्यांची बेरीज ९६.२% दाखवेल. त्या सेलला आता पारोळाही दिसतो.

याच्या जोडीला, पारोळा येण्याआधीच, तक्त्याबाहेर, समजा E2 मध्ये, हे सूत्र ठेवा:

```
=COUNTA(A2:A8)-COUNT(B2:B8)
```

COUNTA भरलेले सेल मोजतं, COUNT फक्त संख्या. तालुक्यांची नावं जितकी, तितकेच खरे आकडे असतील तर उत्तर शून्य. यावल मजकूर असेल किंवा कुणाचा आकडा भरायचा राहिला असेल, तर १ दिसेल. नवी ओळ घातली की हा पट्टाही सोबत वाढतो. गुगल शीट्समध्येही हीच सूत्रं चालतात.

शेवटी एक गोष्ट जी चूक नाही, पण चूक वाटते. पारोळा येण्याआधीचा तक्ता घ्या आणि दशांश न दाखवता टक्के बघा: ३१, २१, १६, १२, १०, ९. कॅल्क्युलेटरवर बेरीज केली तर ९९ होते, आणि तक्त्याखाली मात्र १००%. मालक हे नक्की विचारतात. सेलच्या आत जळगाव ३०.६६६… असा पूर्ण आकडा असतो, पडद्यावर फक्त गोल करून दाखवलेला असतो. SUM आतल्या आकड्यांची बेरीज करतं, आपण दिसणाऱ्या आकड्यांची करतो. इथे एक दशांश दाखवला की ३०.७, २१.१, १६.३, १२.४, १०.२ आणि ९.३ होतात आणि हातानं केलेली बेरीजही १०० भरते. प्रत्येक महिन्यात एका दशांशानं इतकं नेमकं जुळेलच असं नाही, ०.१ चा फरक राहू शकतो. तो असू द्या. एखाद्या तालुक्याचा टक्का हातानं टाइप करून वाढवू नका, कारण त्या सेलमधलं सूत्र जातं आणि पुढच्या महिन्यात विक्री बदलली तरी तो टक्का तसाच राहतो. मालकांना पूर्णांकच हवे असतील तर तक्त्याखाली एक ओळ लिहा: ‘टक्के जवळच्या पूर्णांकात दाखवले आहेत, त्यामुळे बेरजेत एकाचा फरक दिसू शकतो.’