पार्लरसाठी रील करताय? आधी फोनवर विचारले जाणारे प्रश्न लिहून घ्या

लोकल सलूनचं काम हाती घेतलं की नवखा माणूस ट्रेंडिंग गाणं शोधायला लागतो. त्याआधी काउंटरवर बसणाऱ्या ताईंना विचारा, आठवडाभर फोनवर लोक काय विचारतात. कलर किती दिवस टिकतो, केराटिननंतर केस कधी धुवायचे, मेंदी लावलेल्या केसांवर ब्राउन कलर बसेल का. असे दहा प्रश्न जमले की महिनाभराचे विषय मिळाले. गाण्याची अडचण तशीही आहे: इन्स्टाग्रामच्या बिझनेस अकाउंटवर बरीच फिल्मी गाणी वापरता येत नाहीत. स्टायलिस्टचा स्वतःचा आवाज जास्त कामाचा.

मेंदीचाच प्रश्न घेऊ. लांबी पंचवीस सेकंद, बोलायचे शब्द पन्नासच्या आत. त्याहून जास्त झाले की स्टायलिस्ट धापा टाकत बोलते. पहिल्या तीन सेकंदांत मेंदीच्या लालसर केसांचा क्लोजअप आणि वर अक्षरं: ‘मेंदीवर ब्राउन कलर बसेल?’ नमस्कार, सलूनचं नाव, लोगो यांतलं काहीही सुरुवातीला नको. मग स्टायलिस्ट म्हणते, “मुळाशी नवे केस असतात, तिथे बसतो. टोकाकडे मेंदीचे थर चढलेले असतात, तिथे शेड वेगळी येते. म्हणून आधी एका बटेवर टेस्ट करतो.” हे ती बोलत असताना मानेजवळच्या एका बटेला फॉइलवर कलर लावताना दाखवा, मग धुऊन वाळवलेली बट न रंगवलेल्या केसांशेजारी धरा. शेवटची आठ सेकंदं: “शेवटची मेंदी कधी लावली ते लिहा आणि केसांचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. मेसेजची सुरुवात ‘मेंदी’ या शब्दाने करा.” हा शब्द कशासाठी, ते हिशेबाच्या वेळी कळेल.

शूटिंगमध्ये सगळ्यात जास्त हुकतो तो ‘आधी’चा शॉट. क्लायंट आली, गप्पा झाल्या, शॅम्पू झाला आणि मग मोबाईल आठवला. परवानगी विचारणं आणि हा शॉट, दोन्ही केप बांधण्यापूर्वीच उरका. चेहरा दिसणार असेल तर होकार व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. ‘आधी’ आणि ‘नंतर’ एकाच खुर्चीवर, एकाच उजेडात, दोन्ही वेळा कोरड्या केसांवर घ्या. आधी तेलकट केस आणि नंतर ब्लो-ड्राय केलेले, ही चलाखी बायकांना लगेच कळते.

कलरचा शॉट पिवळ्या बल्बखाली घेतला तर ब्राउन तांबूस दिसतो आणि ‘तुमच्या व्हिडिओसारखा आला नाही’ ही तक्रार येते. दाराशी, दिवसाच्या उजेडात घ्या. एलईडीखाली पट्टे हलताना दिसले तर मोबाईल सेकंदाला 25 फ्रेमवर ठेवा. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे 30 फ्रेमवर झगमग होऊ शकते. आणि आरशात शूट करणारा दिसत नाही ना, तेही बघा! मोबाईल उभा धरा. अक्षरं अगदी खाली किंवा उजव्या कडेला नकोत, तिथे कॅप्शन आणि बटणं येतात.

आठवड्याला दोन रील पुरेत. रोज टाकायच्या नादात तिसऱ्या आठवड्यात विषय संपतात आणि अकाउंट झोपतं. मंगळवारी सकाळी सलून रिकामं असतं, तेव्हा बोलायचे भाग एकत्र शूट करा. क्लायंटचे शॉट मिळतील तसे जोडा. शनिवार-रविवारचं बुकिंग हवं असेल तर रील बुधवारी किंवा गुरुवारी संध्याकाळी जायला हवी. शनिवारी टाकून उपयोग नाही, त्या दिवशी खुर्च्या भरलेल्या असतात आणि फोन उचलायला कुणी नसतं. तुळशीच्या लग्नानंतरच्या लग्नसराईचे ब्रायडल व्हिडिओ दिवाळीआधीच सुरू करा, कारण मेकअपचं बुकिंग आधीच होतं. तीच रील व्हॉट्सॲप स्टेटसलाही टाका. जुने क्लायंट तिथेच भेटतात.

हिशेबाला एक वही पुरते: तारीख, विषय, व्ह्यूज, सरासरी किती सेकंद पाहिलं, किती जणांनी शेअर केलं, मेसेज किती आले, प्रत्यक्ष किती आले. आकडे सात दिवसांनी लिहा. समजा, डान्सच्या रीलला 9,000 व्ह्यूज आणि 2 मेसेज, मेंदीच्या रीलला 700 व्ह्यूज आणि ‘मेंदी’ने सुरू होणारे 6 मेसेज, त्यातल्या 3 आल्या. मालक पहिल्या आकड्यावर खूश होतील. त्यांना वही दाखवा. साताऱ्यातल्या सलूनला परराज्यातले फॉलोअर्स काय कामाचे? इन्साइट्समध्ये शहरांची यादी असते, ती महिन्यातून एकदा बघा.

पंचवीस सेकंदांची रील लोक सरासरी तीन-चार सेकंदांत सोडत असतील तर सुरुवात बदला, विषय नको. पूर्ण बघतात पण मेसेज नाही, तर बहुधा सलून कुठल्या भागात आहे किंवा ‘किती रुपयांपासून’ हे लिहायचं राहिलं. मेसेज येतात पण माणूस येत नाही, तर आधी उत्तर किती तासांनी गेलं ते तपासा. तो दोष व्हिडिओचा नाही, पण त्याचं खापर मात्र तुमच्यावर फुटतं.