आई-बाबा ग्रीन कार्डवर अमेरिकेत आले की: न्यूमोनिया आणि नागिणीच्या लसींचा हिशेब

न्यू जर्सीत फार्मसीत काम करते, त्यामुळे दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एक दृश्य ठरलेलं असतं. मुलगा किंवा सून नुकत्याच आलेल्या आई-बाबांना घेऊन काउंटरवर येते आणि म्हणते, ‘यांच्या वयाला ज्या काही लसी लागतात त्या सगळ्या आजच देऊन टाका.’ त्यांची काळजी अगदी खरी असते. पण सगळं आजच देऊन टाकणं बरेचदा चुकीचं ठरतं, कारण मंडळी येतानाच एक-दोन लसी अंगात घेऊन आलेली असतात आणि घरात कुणालाच ते नीट माहीत नसतं.

तसं होण्याचं कारण ग्रीन कार्डच्या वैद्यकीय तपासणीत आहे. मुंबईत ही तपासणी होते तेव्हा वयानुसार लसी तपासतात आणि राहिलेल्या देतात. ६५ वर्षांवरच्यांसाठी त्या यादीत न्यूमोनियाची लस असते, नागिणीची नसते. म्हणून बहुतेक ज्येष्ठांची न्यूमोनियाची एक लस झालेली असते आणि नागिणीचं नावही कुणी काढलेलं नसतं. तपासणीनंतर मिळालेला लसीकरणाचा कागद इथे आल्यावर पासपोर्टाइतकाच जपून ठेवा. इथला डॉक्टर किंवा फार्मासिस्ट पहिल्यांदा तोच मागेल.

अमेरिकेत आजच्या घडीला वयाप्रमाणे काय सुचवतात ते थोडक्यात सांगते. फ्लूची लस दरवर्षी, आणि ६५ नंतर शक्यतो जास्त मात्रेची. धनुर्वाताची लस दर दहा वर्षांनी. न्यूमोनियाची ५० पासून. २०२४ च्या ऑक्टोबरपर्यंत हे वय ६५ होतं, त्यामुळे जुनी माहिती अजून फिरत असते. नागिणीची ५० पासून, दोन डोस. आरएसव्ही या श्वसनाच्या विषाणूवरची लस ७५ पूर्ण झालेल्या सगळ्यांना, आणि ५० ते ७४ या वयात हृदयविकार, दमा, गुंतागुंतीचा मधुमेह असं काही असेल तर. ती एकदाच घ्यायची, दरवर्षी नाही. तुम्ही स्वतः चाळिशीत असाल आणि मधुमेह असेल, तर न्यूमोनियाची लस तुम्हालाही लागू आहे, हे आई-बाबांच्या गडबडीत विसरू नका.

आता खरा गुंता आहे तो न्यूमोनियाचा. ‘न्यूमोनियाची लस घेतली आहे’ एवढ्या वाक्यावर काहीच ठरवता येत नाही, कारण या लसी एकाहून जास्त आहेत आणि त्यांच्या नावापुढचा आकडा महत्त्वाचा असतो. हा आकडा म्हणजे लस न्यूमोकोकस जंतूच्या किती प्रकारांपासून वाचवते ते. भारतात प्रौढांना वर्षानुवर्षं प्रामुख्याने दोन मिळत आल्या: प्रेवनार १३ आणि २३ आकड्याची जुनी लस. इथे आता मुख्यतः प्रेवनार २० किंवा कॅपवॅक्सिव्ह, म्हणजे २१ आकड्याची लस वापरतात. ज्याने आधी काहीच घेतलेलं नाही त्याला या दोहोंपैकी एक डोस दिला की न्यूमोनियाचा विषय संपतो. पण भारतात १३ किंवा २३ पैकी एकच झाली असेल तर २० किंवा २१ आकड्याची लस किमान वर्षभराने घ्यायची असते. आणि १३ व २३ दोन्ही झाल्या असतील, त्यातली २३ ची वयाच्या ६५ नंतर, तर मालिका पूर्ण झाली असं धरतात. पाच वर्षांनी २० किंवा २१ घ्यायची का, हे मग डॉक्टरांशी बोलून ठरवायचं.

नाशिकहून सप्टेंबरअखेर आलेल्या एका जोडप्याचा हिशेब मी असा लावून दिला होता. काका ७१ वर्षांचे, मधुमेह आणि बायपास झालेले. काकू ६६, तब्येतीने ठणठणीत, पण गेल्या वर्षी कमरेवर नागीण उठून गेलेली. मुलाचं म्हणणं होतं की दोघांनाही आज फ्लू, न्यूमोनिया आणि नागीण देऊन टाका. कागद काढायला लावले. काकांच्या फाइलमध्ये चार वर्षांपूर्वीची प्रेवनार १३ होती आणि यंदाच्या जुलैत मुंबईच्या तपासणीत दिलेली २३. म्हणजे त्यांची मालिका पूर्ण, आज न्यूमोनियाची लस नको. काकूंना आधी काहीच नव्हतं, फक्त जुलैतली २३. म्हणजे त्यांना २० किंवा २१ ची लस लागणार, पण पुढच्या जुलैनंतर. म्हणजे मुलाने मागितलेली न्यूमोनियाची लस त्या दिवशी दोघांपैकी कुणालाच द्यायची नव्हती.

काकांच्या फाइलमध्ये आणखी एक गोष्ट सापडली. जूनमध्ये नाशिकच्या डॉक्टरांनी त्यांना शिंग्रिक्सचा, म्हणजे नागिणीच्या लसीचा, पहिला डोस दिला होता. दुसरा डोस दोन ते सहा महिन्यांत घ्यायचा असतो, म्हणजे ऑगस्ट ते डिसेंबर. लस तीच असल्याने पहिला डोस भारतात आणि दुसरा इथे, याने काही बिघडत नाही. सहा महिने उलटून गेले तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, जमेल तितक्या लवकर दुसरा घ्यायचा. उलट घाई करून चार आठवड्यांच्या आत घेतला तर तो धरत नाहीत, पुन्हा द्यावा लागतो.

काकूंचा प्रश्न वेगळा होता: ‘मला तर होऊन गेली, आता कशाला?’ लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दबा धरून बसलेला असतो आणि वयाबरोबर प्रतिकारशक्ती उतरली की तोच नागीण होऊन बाहेर येतो. एकदा आला म्हणून पुन्हा येणार नाही असं नाही. पुरळ पूर्ण वाळलं आणि तो आजार ओसरला की लस घेता येते, आणि घ्यावी. नागिणीची खरी भीती पुरळाची नाहीच. पुरळ गेल्यावर महिनोन्महिने मागे राहणारी आग आणि ठणका, कपड्याचा स्पर्शही नको होणं, हे वृद्धांना फार छळतं. पन्नाशीपुढच्या निरोगी लोकांत दोन डोसांनंतर ही लस ९० टक्क्यांहून जास्त संरक्षण देते. आणि लस घेतलेली नसताना नागीण उठलीच, तर गेरू लावत किंवा तिची दोन टोकं जुळतात का ते बघत बसू नका. विषाणूवरच्या गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर सर्वांत जास्त उपयोगी पडतात.

तर त्या जोडप्याचं वेळापत्रक असं ठरलं. त्या दिवशी दोघांना जास्त मात्रेची फ्लूची लस, काकांना दुसऱ्या दंडात आरएसव्हीची, कारण बायपासमुळे ते ७५ च्या आधीच त्या यादीत बसत होते. ऑक्टोबरच्या मध्यात काकांचा शिंग्रिक्सचा दुसरा डोस, त्यानंतरच्या आठवड्यात काकूंचा पहिला. काकूंचा दुसरा डिसेंबरअखेरीपासून पुढे एप्रिलपर्यंत कधीही चालणार होता. जानेवारीत लग्नासाठी भारतात जायचं असल्याने तो मी परत आल्यावर, मार्चमध्ये लिहून दिला. पुढच्या ऑगस्टमध्ये काकूंची न्यूमोनियाची लस.

शिंग्रिक्स मी मुद्दाम वेगळ्या दिवशी ठेवते. बाकीच्या लसींबरोबर एका दिवशी देता येते, नियमाला ते मान्य आहे. पण ही लस अंगावर येते: दंड चांगलाच ठणकतो, अंग मोडून येतं, हुडहुडी भरते, ताप येतो, आणि हे दोन-तीन दिवस चालतं. सोबत आणखी दोन सुया टोचल्या असतील तर ज्येष्ठ मंडळी घाबरून दुसऱ्या डोसला येत नाहीत, हे मी बघितलं आहे. म्हणून नवरा-बायकोंनी एकाच दिवशी ती घेऊ नये. एक जण पडून असताना दुसऱ्याला चहा-खिचडी करता आली पाहिजे, विशेषतः मुलं दिवसभर कामावर असतात त्या घरात. विमानप्रवासाच्या आदल्या दोन-तीन दिवसांतही टाळा. ताप आला तर टायलेनॉल चालतं, पण त्रास होईल म्हणून लसीआधीच गोळी घेऊ नका. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर टोचण्याआधी सांगा. लस मिळते, फक्त नंतर ती जागा चोळायची नाही, दोन मिनिटं घट्ट दाबून धरायची.

पैशांची बाजू. नव्याने आलेल्या ६५ वरच्या ग्रीन कार्डधारकाला सहसा पाच वर्षं सलग राहिल्याशिवाय मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, विकत घेता येत नाही. तोपर्यंत मार्केटप्लेसवरचा विमा घेतला असेल, तर वयानुसार सुचवलेल्या लसी नेटवर्कमधल्या ठिकाणी फुकट मिळतात, डिडक्टिबल पूर्ण झालेलं नसलं तरी. नेटवर्कमध्ये कोणती फार्मसी आहे ते आधी फोन करून विचारा. पुढे मेडिकेअर मिळालं की एक खाच लक्षात ठेवा: फ्लू आणि न्यूमोनिया त्याच्या पार्ट बीमध्ये, म्हणजे डॉक्टरी सेवांच्या भागात येतात, तर नागीण, आरएसव्ही आणि धनुर्वात पार्ट डीमध्ये, म्हणजे औषधांच्या भागात. २०२३ पासून पार्ट डीमधल्या या लसींनाही खिशातून काही द्यावं लागत नाही. पण बऱ्याच दवाखान्यांना पार्ट डीचं बिल थेट लावता येत नाही, म्हणून डॉक्टरांकडे टोचून घेतलेल्या शिंग्रिक्सचं बिल घरी येतं. ती फार्मसीतच घ्या. विम्याशिवाय शिंग्रिक्सचा एक डोस दोनशे डॉलरच्या वर जातो.

आई-बाबा फक्त सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर येणार असतील तर गणित उलटं. प्रवासी विम्यात प्रतिबंधक लसी सहसा येत नाहीत. शिंग्रिक्स भारतात २०२३ पासून मिळते आणि महाग असली तरी इथल्यापेक्षा स्वस्त पडते. निघायच्या तीनेक महिने आधी सुरुवात केली तर दोन्ही डोस तिथेच होतात.

कागदांबद्दल शेवटचं. भारतातल्या कार्डावर ०५/०८/२०२५ म्हणजे ५ ऑगस्ट, इथल्या संगणकात तेच ८ मे होतं. शिंग्रिक्सच्या दोन डोसांतलं अंतर अशाने तीन महिन्यांनी चुकतं. तारखेतला महिना अक्षरांत लिहून घ्या. ‘न्यूमोनिया व्हॅक्सिन’ एवढंच लिहिलेलं असेल तर त्या दवाखान्यात फोन करून ब्रँडचं नाव आणि आकडा विचारा, जमलं तर बाटलीवरच्या स्टिकरचा फोटो मागवा. इथे पहिल्याच भेटीत या जुन्या नोंदी राज्याच्या लसीकरण रजिस्ट्रीत घालायला सांगा, आणि नाव पासपोर्टावर आहे तसंच, मधल्या नावासकट, लागलंय ना ते स्क्रीनवर बघून घ्या. वडिलांचं नाव एकीकडे मधलं आणि दुसरीकडे पहिल्या नावाला जोडून लिहिलं गेलं, तर एकाच माणसाच्या दोन नोंदी तयार होतात आणि पुढच्या फार्मासिस्टला त्यातली अर्धीच दिसते.