तेरा आठवड्यांचा तक्ता आणि ९६ दिवसांचं बिल

बी.कॉम. झाल्यावर मी सांगलीतल्या एका बांधकाम ठेकेदाराकडे हिशेबाला लागले. पहिल्याच महिन्यात दादांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, एक काम सांगितलं, "पुढच्या तीन महिन्यांत कुठल्या आठवड्यात पैसे संपतील तेवढं सांग." मी एक्सेलमध्ये १३ रकाने आखले, एका रकान्यात एक आठवडा, सोमवार ते रविवार. तीन महिने सरळ तीन रकान्यांत का नाही मांडायचे, हे मला तेव्हा कळत नव्हतं. महिन्याची बेरीज जमते, पण मजुरांचा पगार दर शनिवारी द्यावा लागतो, आणि महिना फायद्यात दिसत असतानाही त्यातल्या एखाद्या शनिवारी खात्यात काहीच नसतं.

जाणाऱ्या पैशांची बाजू सोपी निघाली. मजुरी, डिझेल आणि किरकोळ मिळून आठवड्याला १.३० लाख. ऑफिसचे पगार, भाडं आणि मिक्सरचा हप्ता महिन्याच्या ७ तारखेच्या आसपास १.२० लाख. सिमेंट-सळईची उधारी तिसऱ्या आठवड्यात २ लाख, नवी खरेदी सातव्यात दीड लाख. जीएसटी २० तारखेला. या शेवटच्या ओळीत नवखे फसतात. ग्राहकाचे पैसे आलेले नसले तरी, दरमहा रिटर्न भरणाऱ्याला फाडलेल्या बिलाचा कर पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत स्वतःच्या खिशातून भरावा लागतो. म्हणून तो "पैसे आल्यावर" असा लिहून चालत नाही.

येणाऱ्या बाजूला तीन गिऱ्हाईकं होती. विश्रामबागेतला एक बंगला, टप्प्याला दीड लाख, मालक वेळेवर देणारा. कुपवाड एमआयडीसीतला एक कारखाना, कंपाउंड वॉलचं ६ लाखांचं बिल, २२ दिवसांपूर्वी दिलेलं. आणि जत तालुक्यातलं एका सरकारी खात्याचं काम, त्याचं दहा लाखांचं मोजमाप नुकतंच एम.बी.त, म्हणजे खात्याच्या मोजमाप पुस्तकात, चढलेलं. जतला पाऊस कमी, त्यामुळे ते काम पावसाळ्यातही चालू राहणार होतं.

सरकारी बिलाची रक्कम जशीच्या तशी लिहू नका. १० लाखांवर १८ टक्के जीएसटी धरून ११.८० लाख होतात, पण आमच्या कामात त्यातून प्राप्तिकराचा १ टक्का, जीएसटीचा टीडीएस २ टक्के, कामगार उपकर १ टक्का आणि अनामत ५ टक्के कापली जाते. कापणीचे ९० हजार गेले की खात्यात १०.९० लाख पडतात. त्यातलाही जीएसटी, खरेदीवरचा वजा जाऊन, पुढे भरायचाच असतो. बिलाची रक्कम आणि खात्यात येणारी रक्कम यांसाठी मी तेव्हापासून वेगळे रकाने ठेवते.

मग तारखा. पहिल्या दिवशी मी कारखान्याच्या ऑर्डरवरचे ४५ दिवस मोजून तारीख टाकली. दादांनी ती खोडली आणि जुन्या सात बिलांच्या फाइली पुढ्यात टाकल्या. बिल दिल्यापासून बँकेत पैसे येईपर्यंत किती दिवस लागले ते काढलं: ३८, ४१, ४५, ५२, ५५, ६३, ९६. ९६ दिवसांच्या बिलात दराचा वाद झाला होता, म्हणून मी ते वगळणार होते. दादा म्हणाले, "तेच ठेव. परत तसं झालं तर पैसं कुठनं आणणार?"

म्हणून दोन तक्ते केले. एकात मधला आकडा, ५२ दिवस. दुसऱ्यात सगळ्यात वाईट, ९६ दिवस. सरासरी घेऊ नका. एकच ९६ ती वर ओढतो आणि आकडा धड मधलाही राहत नाही, धड वाईटही नाही. एक्सेलमध्ये दोन ओळींत काम होतं:

```
=MEDIAN(B2:B8)
=MAX(B2:B8)
```

सरकारी कामासाठी दिवस मोजण्यात अर्थ नव्हता, निधी आला तर पैसे. पहिल्या तक्त्यात ते नवव्या आठवड्यात धरले, दुसऱ्यात १३ आठवड्यांत शून्य.

सुरुवातीची शिल्लक ९ लाख. पहिल्या तक्त्यात पाचव्या आठवड्यात कारखान्याचे पैसे येतात आणि शिल्लक कुठेही शून्याखाली जात नाही. आठव्यात मात्र २० हजार उरतात. दादा त्यावरच खूश झाले असते. दुसऱ्या तक्त्यात कारखान्याचे ६ लाख अकराव्या आठवड्यावर सरकतात. पाचव्यात शिल्लक १० हजारांनी उणे, सातव्यात ३.९० लाखांनी, आणि दहाव्यात ९.६० लाखांनी. आमची कॅश क्रेडिटची, म्हणजे बँकेकडून लागेल तशी उचल करायच्या कर्जाची, मर्यादा ८ लाख, पूर्ण मोकळी. म्हणजे मर्यादा संपूनही १.६० लाख कमी.

तरी अडचण एवढीच नव्हती. बँक ८ लाख कागदावर देते, पण उचल ड्रॉइंग पॉवरएवढीच, म्हणजे त्या महिन्यात बँक मान्य करेल तेवढीच करता येते, आणि ती दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून, म्हणजे माल आणि येणं यांच्या यादीवरून ठरते. ९० दिवसांपेक्षा जुनं येणं आमची बँक त्यात धरत नाही. कारखान्याचं बिल ९० दिवस पार करणार होतं नेमक्या दहाव्या आठवड्यात. येण्यावर ४० टक्के मार्जिन जाऊन त्या ६ लाखांवर ३.६० लाखांची उचल मिळत होती. ती गेली की ८ चे ४.४० लाख राहतात. पैसे सगळ्यात जास्त लागतील तेव्हाच मर्यादा आखडणार, हे फक्त शिल्लक मांडून कधीच दिसलं नसतं. तेव्हापासून तक्त्याखाली प्रत्येक बिलाचं वय लिहिलेली ओळ असते.

त्याच आठवड्यात तीन गोष्टी झाल्या. जतच्या कामावरची टोळी तिसऱ्या आठवड्यापासून कमी केली, आठवड्याला ४० हजार वाचले, दहाव्यापर्यंत ३.२० लाख. सातव्या आठवड्याची दीड लाखाची खरेदी थांबवली. टोळी कमी केल्याने जतचं काम लांबणार होतं, म्हणून त्याच्या मुदतवाढीचा अर्जही आधीच देऊन ठेवला, नाहीतर दंडाची ओळ वाढली असती. दहाव्या आठवड्यातली तूट ९.६० वरून ४.९० लाखांवर आली. ४.४० च्या मर्यादेपुढे तरी ५० हजार कमीच, तेवढे दादांनी स्वतःचे घालायची तयारी ठेवली.

तिसरी गोष्ट म्हणजे मी फोन करणं बंद केलं आणि कारखान्यात गेले. फोनवर "पुढच्या आठवड्यात नक्की" हेच ऐकू यायचं. तिथे कळलं की मोजमापाच्या पानावर त्यांच्या साइट इंजिनिअरची सही नाही, म्हणून बिल अकाउंट्सपर्यंत पोचलेलंच नाही. तेव्हापासून माझा नियम: कुणी काही सांगितलं म्हणून तारीख बदलायची नाही. कागद एका टेबलावरून पुढच्या टेबलावर गेला तरच बदलायची.

दर सोमवारी गेलेला आठवडा काढते, शेवटी नवा जोडते, आणि धरलेलं आणि झालेलं शेजारी ठेवते. फरक उशिराचा आहे की कमी रकमेचा, ते वेगळं लिहिते. उशिराचे पैसे पुढे येतात, बिलाची रक्कमच कमी केली तर ते येत नाहीत. दोन्ही एकाच रकान्यात टाकले की तूट तात्पुरती आहे की कायमची ते ओळखू येत नाही.

कारखान्याचे पैसे ७१व्या दिवशी आले. आठवडा आठवा, सोमवार. फाइलमध्ये आठवा आकडा चढवला आणि मधला आकडा ५२ चा ५३.५ झाला. जतचं बिल त्या दिवशीही निधीची वाट बघत होतं.