गालाची पेशी २४० मायक्रोमीटरची कशी?

वाशीतल्या आमच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली मिथिलीन ब्लूने रंगवलेल्या गालाच्या पेशीचा व्यास २४० मायक्रोमीटर येत होता. खरा व्यास साधारण ६०. चौपट फरक दिसला की आधी ऑब्जेक्टिव्ह तपासावं. १०एक्सवर काढलेली किंमत, म्हणजे आयपीसमधल्या पट्टीच्या एका भागाला १० मायक्रोमीटर, इथे ४०एक्सला लावली होती.

४०एक्सवर नव्याने कॅलिब्रेशन केलं. प्रथम आयपीसचं वरचं भिंग फिरवून पट्टीचे आकडे स्पष्ट केले, मग स्टेज मायक्रोमीटर, म्हणजे ठरावीक मापाची पट्टी कोरलेली स्लाइड, फोकस केला. त्याचा एक भाग ०.०१ मिमी, म्हणजे १० मायक्रोमीटर. आयपीस फिरवून दोन्ही पट्ट्या समांतर केल्या आणि शून्यं जुळवली. इथे स्टेजच्या रेघा जाड दिसतात, म्हणून रेघेची डावी कड दोन्ही टोकांना धरायची. एकीकडे डावी, दुसरीकडे उजवी धरली की मोजमाप चुकतं. जुळणीही शक्य तितकी लांबची घ्यावी. आयपीसचे १०० भाग स्टेजच्या २५ भागांवर बसले: २५० ÷ १०० = २.५ मायक्रोमीटर.

पेशी २४ भागांची, म्हणजे ६० मायक्रोमीटर. पडताळ्यासाठी रक्ताची स्लाइड उत्तम: लाल पेशी ७ ते ८ मायक्रोमीटर, म्हणजे जेमतेम ३ भाग. आता प्रत्येक ऑब्जेक्टिव्हची किंमत मायक्रोस्कोपवरच चिकटवली आहे. आयपीस बदलला तर ती चिठ्ठी रद्द.