लाइव्हच्या आदल्या दिवशी: टाळी वाजवा, केबल उपटा

नवख्यांचा सगळा जीव कॅमेऱ्यांत असतो. प्रक्षेपण फसतं ते मात्र बहुधा ओठ-आवाज न जुळल्यामुळे, नाहीतर नेट गेल्यामुळे.

आधी टाळी. एचडीएमआय कॅप्चर कार्डातून येणारं चित्र ओबीएस या प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये लवकर पोचतं, नेटवर्कवरून येणारं उशिरा. मिक्सरमधून थेट आलेला आवाज या दोघांच्याही आधी हजर. म्हणून सगळे कॅमेरे एकाच माणसावर रोखा, चित्रं एका सीनमध्ये शेजारीशेजारी लावा, माइकजवळ टाळी वाजवून घ्या आणि ते रेकॉर्डिंग एकेक फ्रेम सरकवत पाहा. सेकंदाला २५ फ्रेम असतील, तर एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद.

समजा, टाळी ऐकू आल्यावर कार्डाच्या कॅमेऱ्यात हात ३ फ्रेमनंतर भिडले आणि नेटवर्कच्या कॅमेऱ्यात ६ नंतर. मागे पडलेल्याला पुढे ओढता येत नाही, पुढच्यांनाच थांबवावं लागतं. म्हणजे `Advanced Audio Properties` मध्ये माइकचा `Sync Offset` २४० आणि कार्डाच्या कॅमेऱ्याला `Video Delay` फिल्टर १२० मिलिसेकंदांचा. मग पुन्हा टाळी. वायफायवरच्या फोनचा उशीर सतत कमीजास्त होतो, तिथे ठरावीक आकडा टिकत नाही. असा फोन लांबच्या शॉटला ठेवा, जिथे ओठ दिसतच नाहीत.

प्रेक्षकापर्यंतचा उशीर ही वेगळी गोष्ट. यूट्यूबवर तो कमी करता येतो, पण त्याबरोबर प्रेक्षकाकडचा बफरही आटतो आणि नेटचा छोटासा धक्काही लगेच दिसतो. प्रेक्षकांशी सवालजवाब नसतील, तर `Normal latency` च बरी.

आता केबल. राउटरची वायर आणि शिवाय मोबाइल हॉटस्पॉट, म्हणजे झाली सोय, असं वाटतं. लॅपटॉपची वायर उपटून पाहिली की तो हॉटस्पॉटवर जातोही. पण कार्यक्रमात तुटते ती राउटरच्या पलीकडची लाइन. राउटर चालूच असतो, लॅपटॉपच्या लेखी वायर शाबूत असते आणि तो त्याच मेलेल्या वाटेवर डेटा ढकलत राहतो. म्हणून चाचणीत केबल काढायची ती राउटरमध्ये बाहेरून येणारी. यावर खरा उपाय म्हणजे दोन लाइन घेणारा राउटर. तो बाहेरचा पत्ता सारखा पिंग करून ठरवतो, नुसती वायर जोडलेली आहे का ते पाहून नव्हे.

तरीही वाट बदलली की आयपी बदलतो, जुनं कनेक्शन तुटतं आणि ओबीएसला पुन्हा जोडणी करावी लागते. तेवढा खंड पडणारच. तोही नको असेल, तर दोन्ही लाइन एकाच वेळी वापरणारं बाँडिंग लागतं.

बिटरेट दोहोंतल्या कमजोर लाइनकडे पाहून ठरवा. हॉटस्पॉटचा अपलोड ६ एमबीपीएस असेल, तर ३००० केबीपीएसच्या, म्हणजे ३ एमबीपीएसच्या वर जाऊ नका. मूळ लाइनवर ६००० ठेवलंत, तर बॅकअपवर गेल्या क्षणापासून `Stats` मध्ये `Dropped Frames` चढू लागतील.