गर्भावस्थेतील मधुमेहात कर्बोदके कमी न करता दिवसभरात कशी विभागावीत

गर्भावस्थेच्या साधारण 24 ते 28 आठवड्यांच्या सुमारास तपासणीत साखर वाढलेली आढळली, की बहुतेक स्त्रिया पहिली गोष्ट करतात ती म्हणजे भात, पोळी, ब्रेड आणि फळे एकदम बंद. ही घाई समजण्यासारखी असली तरी उपाय चुकीचा आहे. या काळात वारेतून स्रवणारी संप्रेरके आईच्या शरीरात इन्शुलिनचा प्रभाव कमी करतात, आणि स्वादुपिंड ती तूट भरून काढण्याइतके इन्शुलिन तयार करू शकले नाही तर रक्तातील साखर वाढते. त्यामुळे खरी अडचण बहुधा दिवसभरातल्या एकूण कर्बोदकांपेक्षा एकाच वेळी पोटात गेलेल्या कर्बोदकांची असते. आधी गोड जास्त खाल्ले म्हणूनच हा आजार झाला, हा अपराधभावही त्यामुळेच बाजूला ठेवावा.

पहिली पायरी म्हणजे आपली साखर नेमकी केव्हा चढते हे पाहणे. सर्वसाधारणपणे उपाशीपोटी 95 पेक्षा कमी आणि जेवणानंतर एका तासाने 140 पेक्षा कमी किंवा दोन तासांनी 120 पेक्षा कमी मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर हे उद्दिष्ट ठेवले जाते. आपल्या डॉक्टरांनी वेगळे आकडे दिले असतील तर तेच पाळावेत. तास मोजायचा तो पहिल्या घासापासून. तपासणीपूर्वी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत, कारण बोटाला फळाचा रस लागलेला असेल तर ग्लुकोमीटर खोटी वाढ दाखवतो आणि त्या आकड्यावरून विनाकारण पुढचे जेवण कापले जाते. निदान तीन-चार दिवस रोजच्यासारखे खाऊन, काय व किती खाल्ले ते आकड्याशेजारी लिहून ठेवावे.

दुसरी पायरी कर्बोदकांचा ढोबळ हिशेब करण्याची. ब्रेडच्या एका कापात सुमारे 15 ग्रॅम, शिजलेल्या भाताच्या एका कपात सुमारे 45, दुधाच्या 250 मिलिलीटर पेल्यात 12, मध्यम केळ्यात 27 आणि संत्र्याच्या रसाच्या पेल्यात सुमारे 26 ग्रॅम कर्बोदके असतात. अंडी, मासे, चिकन यांत ती जवळपास नसतात आणि पालेभाज्यांत फारच कमी असतात. गर्भवती स्त्रीला दिवसाला किमान 175 ग्रॅम कर्बोदके मिळावीत अशी सर्वसाधारण शिफारस आहे, कारण गर्भाचा मेंदू प्रामुख्याने ग्लुकोजवर चालतो. हा आकडा खालची मर्यादा म्हणून डोळ्यांसमोर ठेवावा. कर्बोदके तोडून मीटर गप्प करणे हा उपचार नव्हे.

आता एक उदाहरण घेऊन विभागणी कशी करावी ते पाहू. समजा, 28 व्या आठवड्यातल्या एका स्त्रीची उपाशीपोटी साखर 88 आहे, दुपारच्या व रात्रीच्या जेवणानंतरचे आकडे 130 च्या आसपास आहेत, पण न्याहारीनंतर एका तासाने मीटर 162 दाखवतो. तिची न्याहारी म्हणजे वाटीभर कॉर्नफ्लेक्स (सुमारे 25 ग्रॅम), त्यात पेलाभर दूध (12), एक केळे (27) आणि फळाचा रस (26), म्हणजे एकूण 90 ग्रॅम. दुपारी ती 45 आणि रात्री 40 ग्रॅम घेते, मध्ये काहीच खात नाही. दिवसाची बेरीज 175 येते, म्हणजे प्रमाण ठीकच आहे. बिघडली आहे ती वाटणी. शिवाय सकाळी कॉर्टिसॉलसारखी इन्शुलिनला विरोध करणारी संप्रेरके चढलेली असतात, त्यामुळे जो भात दुपारी निभावतो तेवढेच पिष्ट सकाळी साखर उसळवते. न्याहारी हे सर्वांत हलके जेवण ठेवावे असे सांगितले जाते ते याचसाठी.

तिच्यासाठी नवी मांडणी अशी: न्याहारीला कोंड्यासह दळलेल्या पिठाच्या ब्रेडचे दोन काप, दोन पूर्ण शिजवलेली अंडी आणि टोमॅटो, म्हणजे साधारण 30 ग्रॅम. दोन-अडीच तासांनी पेलाभर दूध व अर्धे संत्रे, सुमारे 20. दुपारी एक कप भात, भरपूर भाजी व मासे किंवा चिकन, 45. चार-साडेचारला अर्धे केळे व थोडे दही, 20. रात्री दुपारइतकेच 45, आणि झोपण्यापूर्वी ब्रेडचा एक काप शेंगदाण्याच्या लोण्यासह, 15. बेरीज पुन्हा 175 येते. केळे आणि दूध कायम आहे, कॉर्नफ्लेक्सच्या जागी ब्रेड आणि रसाच्या जागी अख्खे संत्रे आले आहे. रस काढला, कारण त्यात फळाचा चोथा नसतो आणि साखर झटकन रक्तात उतरते. प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ सोबत घेतले की पोट सावकाश रिकामे होते व चढ बोथट होतो.

असा बदल केल्यावर एका दिवसाच्या आकड्यावर निर्णय घेऊ नये. तीन दिवस सलग पाहावे. न्याहारीनंतरचा आकडा 140 च्या खाली आला तर मांडणी तशीच ठेवावी. तो अजून थोडा वर राहिला तर न्याहारीतला एक काप दुपारच्या खाण्यात हलवावा, दिवसातून वजा करू नये. मात्र इन्शुलिन सुरू असेल तर वेळा व प्रमाण डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नये. मात्रा जेवणाशी जुळवलेली असते, आणि कमी खाल्ले तर साखर धोकादायक रीतीने उतरू शकते. वजन घटू लागले, लघवीत कीटोन, म्हणजे शरीर चरबी जाळू लागल्यावर बनणारी द्रव्ये, दिसली किंवा सतत भूक व थकवा जाणवला, तर आहार प्रमाणाबाहेर कापला गेला आहे असे समजून आहारतज्ज्ञांना दाखवावे.

याच काळात भोवतालचे सल्ले वाढतात, आणि त्यांतले बरेचसे निराधार असतात. फळे पूर्ण वर्ज्य करण्याची गरज नाही; एका वेळी लहान प्रमाणात, रसाऐवजी अख्खे फळ पुरे. अननसाने गर्भपात होतो ही भीती जेवणातल्या नेहमीच्या प्रमाणाला लागू पडत नाही. आईला स्वतःला अ‍ॅलर्जी नसेल तर बाळाला ती होईल या भीतीने शेंगदाणे टाळण्याचेही कारण नाही. मासे सरसकट सोडणे तर नुकसानीचेच आहे: शार्क, तलवार मासा यांसारखे पारा जास्त असलेले मोठे मासे टाळावेत, पण कमी पाऱ्याचे शिजवलेले मासे आठवड्यातून दोन-तीनदा खाणे योग्य ठरते. कॉफी दिवसाला 200 मिलिग्रॅम कॅफीनच्या मर्यादेत चालते. खरी काळजी घ्यायची ती कच्चे दूध व त्याचे चीज, अर्धवट शिजलेली अंडी किंवा मांस आणि मद्य यांची, आणि ही यादी मधुमेह नसलेल्या गर्भवतीलाही तशीच लागू आहे.

आहाराची एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी. जेवणानंतरची साखर वाटणीने बरीच आटोक्यात येते. उपाशीपोटीची साखर रात्रभर यकृतातून सुटणाऱ्या ग्लुकोजवर अवलंबून असल्याने जेवणाला तितकी जुमानत नाही. झोपण्यापूर्वीचे छोटे खाणे सुरू करूनही ती वारंवार 95 किंवा त्याहून वर येत असेल, तर रात्रीचे जेवण कापत बसण्याऐवजी नोंदवही घेऊन डॉक्टरांकडे जावे; अशा वेळी बहुधा औषध किंवा इन्शुलिन लागते.